फोटोत नसलेला मोत्या: कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी, रात्री

मित्राच्या घरच्यांचा एक चांगला फोटो आहे. फरसबंदी अंगणात चौघं उभे आहेत: मित्र, त्याची बायको, काकू आणि उजव्या टोकाला धाकटी मुलगी. ऊन डावीकडून आणि थोडं समोरून. त्यांचा कुत्रा मोत्या तेवढा फोटोत नाही, त्या दिवशी तो दवाखान्यात होता. त्याला फोटोत आणायचं काम माझ्याकडे आलं. मी आजवर माणसांचे कटआउट पुष्कळ केलेत, प्राणी कधी केला नाही. दोन संध्याकाळींचं काम, असं मित्राला सांगून बसलो. लागले पंधरा दिवस. ते कुठे गेले, हे पुढे कुणी हेच करायला बसलं तर कळावं म्हणून लिहून ठेवतोय.

मोत्या मध्यम चणीचा, बदामी रंगाचा, मानेवर आणि शेपटीला लांब केस, डाव्या कानावर पांढरा ठिपका. मित्राकडे त्याचा फोनवर काढलेला एक छान फोटो होता. हिरवळीवर आडवा उभा, डावीकडे तोंड, चारही पाय स्पष्ट. निदान मला तसं वाटलं. तोच घेतला.

आज फक्त निवड केली. फोटोशॉपमध्ये ढोबळ निवड करून Select and Mask मध्ये गेलो आणि Refine Edge Brush मानेवरून, शेपटीवरून फिरवला. केस बऱ्यापैकी सुटून आले, पण प्रत्येक झुपक्याच्या टोकाला हिरवी झाक राहिली. Decontaminate Colors लावल्यावर हिरवं गेलं, पण केसांची टोकं एकसारख्या बदामी रंगाची झाली, जणू रंगात बुडवून काढलेली. ते बंद केलं आणि हाताने करायचं ठरवलं.

वेळ: अडीच तास.

४ फेब्रुवारी

मास्क नव्याने, चॅनेलमधून. बदामी केस आणि हिरवळ यांच्यात फरक सर्वांत जास्त लाल चॅनेलमध्ये असतो. केसांवर लाल १९० च्या आसपास, गवतावर ९० च्या. हिरव्या चॅनेलमध्ये दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. लाल चॅनेलची प्रत काढली, Levels ने गवत काळं आणि केस पांढरे केले. शरीराचा आतला भाग ब्रशने पांढरा भरून टाकला. केसांची टोकं मात्र मुद्दाम करडी ठेवली. तिथे केस अर्धपारदर्शकच असतात, आणि ती पूर्ण पांढरी केली की कडा कात्रीने कापल्यासारखी दिसते.

हिरव्या झाकेसाठी वर एक लेयर घेतला, तो मोत्याच्या लेयरला क्लिप केला, मोड Color. जरा आतल्या केसांचा रंग उचलून टोकांवर हलक्या हाताने फिरवला. हे जमलं. एक मर्यादा लक्षात ठेवायची: या मोडमध्ये रंग बदलतो, उजेड-अंधार तोच राहतो. गवताच्या गडद सावलीसमोर असलेले केस हिरवे राहिले नाहीत, पण काळपट राहिले.

पोटाखाली अजून एक गोष्ट सापडली. गवतावरून परतलेल्या उजेडाने मोत्याचं पोट चांगलंच हिरवट होतं. नुसतं पाहताना ते जाणवत नाही, मात्र दगडी फरशीवर ठेवल्यावर लगेच खुपतं. तिथेही तोच उपाय केला.

मग त्याला अंगणात ठेवलं. ‘मित्राच्या गुडघ्याच्या किंचित वर येतो’ एवढं माहीत होतं, त्या हिशेबाने खांद्यापर्यंत ६६० पिक्सेल उंच केला. फोनच्या फोटोत ऊन उजवीकडून होतं म्हणून मोत्याला आडवा उलटवला. त्याने तोंड उजवीकडे झालं, मुलीकडे पाहिल्यासारखं. मला ते आवडलंच. छायाकृतीची प्रत काढून काळी केली, तिरपी पाडली, धूसर केली, सावली झाली. मित्राला पाठवला.

वेळ: साडेतीन तास.

५ फेब्रुवारी

काकूंचा आवाज मित्राच्या फोनवरून: “अरे, हा मोत्या नाहीच. पांढरा कान डावा आहे त्याचा. आणि हे पिल्लू कुठलं आणलंस? तरंगतंय बघ.”

एका दमात तीन चुका. कानाची चूक सर्वांत लाजिरवाणी. प्राणी उलटवायचा नाही, हे इथेच नोंदवतो. अनोळखी माणसाला फरक कळणार नाही, पण ज्यांचा प्राणी आहे त्यांना पहिल्या सेकंदाला कळतो. ऊन चुकीच्या बाजूचं असेल तर तो फोटोच चुकीचा.

तात्पुरता सुलटा केला आणि आधी मापाकडे वळलो.

६ फेब्रुवारी

गुडघ्याशी तुलना कुठे फसली ते आज कळलं. मित्र मागे उभा आहे, मोत्याला मी पुढे ठेवलाय. पुढची वस्तू मोठी दिसायला हवी. मी मागच्या माणसाच्या मापाने पुढचा कुत्रा कापला, म्हणून पिल्लू.

डोळ्याने अंदाज करत बसण्याऐवजी फोटोतूनच माप काढता येतं. फरशीच्या ज्या सांध्यांच्या रेषा कॅमेऱ्यापासून दूर जातात, त्या पेनने वाढवत नेल्या तर एका बिंदूत मिळतात. तो बिंदू ज्या उंचीवर, ती क्षितिजरेषा. माझ्या फोटोत (६००० × ४०००) ती वरून १५०० पिक्सेलवर आली. क्षितिजरेषेचा गुण असा, की सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या प्रत्येक वस्तूला ती कॅमेऱ्याच्या उंचीवर छेदते, वस्तू जवळ असो वा लांब.

मित्राची उंची १७२ सेंटिमीटर. फोटोत त्याचं डोकं ११०० वर, पाय ३४०० वर, म्हणजे २३०० पिक्सेल. पायापासून क्षितिजापर्यंत १९०० पिक्सेल. त्यावरून कॅमेरा जमिनीपासून १४२ सेंटिमीटरवर होता, साधारण मित्राच्या खांद्याच्या पातळीवर. आता मोत्याचे पंजे ३६०० वर ठेवायचे आहेत आणि त्याची खांद्यापर्यंतची उंची मित्राने टेपने मोजून ५२ सेंटिमीटर सांगितली. हिशेब असा:

```
उंची = (पंजा − क्षितिज) × प्राण्याची उंची ÷ कॅमेऱ्याची उंची
(३६०० − १५००) × ५२ ÷ १४२ = ७६९ पिक्सेल
```

मी ६६० ठेवला होता. मोत्याला नंतर कुठेही सरकवला की पंजाचा आकडा बदलून परत हिशेब करायचा. कॅमेरा खूप वर किंवा खाली झुकलेला असेल तर हे नेमकं बसत नाही. इथे तो थोडासाच खाली झुकलेला होता, त्यामुळे चालून गेलं.

७६९ केला. पिल्लाचा कुत्रा झाला. तरंगणं मात्र होतं तसंच.

वेळ: दीड तास. हा दीड तास पहिल्याच दिवशी घालवायला हवा होता.

७ आणि ८ फेब्रुवारी

दोन रात्री वाया. काय केलं ते थोडक्यात सांगतो, कारण मला वाटतं बहुतेक जण हेच करतात.

प्राणी तरंगतोय म्हटलं की आपण सावलीवर तुटून पडतो. मी पंजांखाली गडद रेघ घातली, मग त्याखाली आणखी एक धूसर थर, मग पोटाखाली डाग. अपारदर्शकता ४० वरून ६० वर, ६० वरून ८०. दुसऱ्या रात्री अखेर मोत्याखाली तेल सांडल्यासारखं दिसायला लागलं, आणि तरी तो त्या तेलाच्या वर तरंगत होता.

गवताचाही प्रश्न वर आला. हिरवळीवर त्याचे पंजे ‘स्पष्ट’ दिसत होते म्हणालो होतो. नीट मोठं करून पाहिलं तर बोटांचा खालचा भाग आणि नखं गवताच्या पात्यांमागे होती. पंजाला खालची कडाच नव्हती, मास्कने ती गवताच्या रेषेवर कापली होती. गवतावरून गवतावर न्यायचं असतं तर चाललं असतं. फरशीवर बोटं लागतात. दोन पंजांची बोटं रंगवून पाहिली, ती मोजे घातल्यासारखी दिसली.

वेळ: सहा तास.

९ फेब्रुवारी

आज सावलीचे सगळे लेयर बंद करून नुसता मोत्या पाहिला, आणि पहिल्यांदाच पायांमधलं अंतर मोजलं. खरा घोटाळा तिथे होता.

चार पायांच्या प्राण्याचे जवळचे दोन पंजे फोटोत खाली असतात, पलीकडचे दोन थोडे वर. किती वर, हे कॅमेरा जमिनीकडे किती तिरप्या नजरेने पाहतोय त्यावर ठरतं. मोत्याच्या जवळच्या आणि पलीकडच्या पंजात १८ सेंटिमीटर अंतर आहे. फोटोतल्या अंगणात, त्या जागी, फरशीवर मागेपुढे १८ सेंटिमीटर म्हणजे साधारण ६५ पिक्सेल. मोत्याच्या लेयरमध्ये हे अंतर १९० च्या आसपास निघालं. म्हणजे जवळचे पंजे फरशीवर टेकवले की पलीकडचे आपोआप हवेत, आणि पलीकडचे टेकवले की जवळचे जमिनीत.

कारण उघड आहे. फोनचा फोटो मित्राने उभ्याने, दीड मीटरवरून काढलेला. कॅमेरा दीड मीटर उंच, कुत्रा दीड मीटर लांब, म्हणजे जमिनीकडे नजर ४५ अंशांची. मोत्याची पाठ वरून दिसते, डोकं मोठं, पाय आखूड. अंगणातल्या फोटोत कॅमेरा जवळपास तेवढ्याच उंचीवर, पण साडेपाच मीटरहून लांब. तिथून जमिनीकडे नजर १४ अंशांची. दोन नजरा एका फोटोत. त्यावर कितीही सावली ओतली तरी फरक पडणार नव्हता.

ही तपासणी दोन मिनिटांची आहे. प्राण्याच्या पुढच्या दोन पंजांना जोडणारी रेषा काढा, मागच्या दोन पंजांना जोडणारी काढा, आणि त्या जमिनीवरच्या फरशीच्या, लाद्यांच्या, रस्त्याच्या रेषांशी जुळतात का पाहा. पाहताना प्राणी कोणत्या दिशेला वळून उभा आहे तेही धरा. केस सोडवायला बसण्याआधी हे पाहायचं. जुळत नसेल तर तो फोटो सोडून द्यायचा, कितीही गोड असो. Warp ने पाय खाली ओढून पाहिले मी, अर्धा तास. पाय लांबले, पण पाठ वरून दिसतेय ती दिसतेच.

मित्राला सांगितलं, मोत्याचा फोटो नव्याने काढू या. तो म्हणाला, “मग इतके दिवस काय करत होतास?” उत्तर दिलं नाही.

१० फेब्रुवारी

नव्या फोटोची तयारी. अंगण लांबच्या नातेवाइकांचं आहे, तिथे मोत्याला नेणं शक्य नाही. मित्राच्या गच्चीवर करायचं ठरलं. जुळवायच्या गोष्टी तीन: कॅमेऱ्याची उंची, अंतर आणि ऊन.

उंची मिळाली आहे, १४२. अंतर काढायला फाइलच्या माहितीत लेन्स पाहिली: ५० मिलिमीटर, कॅमेरा फुल-फ्रेम. सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर, त्यात ६००० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल ०.००६ मिलिमीटर. मोत्याच्या जागी १४२ सेंटिमीटर २१०० पिक्सेलमध्ये मावतात, म्हणजे सेन्सरवर १२.६ मिलिमीटर. १४२ × ५० ÷ १२.६, म्हणजे सुमारे ५६३ सेंटिमीटर. तोच कॅमेरा, तीच लेन्स, तीच उंची, तेच अंतर ठेवलं तर मोत्या मापातच येईल, लहानमोठा करावाच लागणार नाही. प्रतिमा खूप लहान केली की केस आजूबाजूच्या फोटोपेक्षा जास्त कोरीव दिसतात आणि वेगळे पडतात, तो त्रासही वाचतो.

उन्हासाठी फरश्या मोजल्या. मुलगी उजव्या टोकाला उभी आहे आणि तिच्या मागची फरशी मोकळी आहे, त्यामुळे तिची सावली पूर्ण दिसते. सावलीचं टोक तिच्या पायांपासून उजवीकडे पाच फरश्या आणि मागे सव्वादोन. तिरप्याने ते साधारण साडेपाच फरश्या होतात. फरशी ३० सेंटिमीटरची, म्हणजे सावली १६४. मुलीची उंची १०४. सावली उंचीच्या १.६ पट, म्हणजे सूर्य क्षितिजापासून ३२ अंशांवर.

गच्चीवर एक मीटरची काठी उभी करायची आणि तिची सावली १६० सेंटिमीटर होईपर्यंत थांबायचं. सकाळ असो वा दुपार, काही बिघडत नाही. दिशा जुळवायला कॅमेरा फिरवता येतो, सूर्य नाही. काठीची सावली उजवीकडे पाच वाटा आणि मागे सव्वादोन वाटा पडेल अशा जागी कॅमेरा लावायचा.

११ फेब्रुवारी

गच्ची. मित्र, मोत्या, काठी, टेप, खडू, मागे दोरीवर राखाडी चादर. चादर राखाडी का, तर अंगणातल्या फोटोत मोत्याच्या मागे करडी फरशी येणार आहे. केसांच्या टोकांतून मागचा रंग झिरपतोच, तो पुढच्या पार्श्वभूमीसारखाच असला तर धुवायला काही उरत नाही.

काठीची सावली सकाळी नऊनंतर जुळली, साधारण पंधरा मिनिटं कामापुरती जुळलेली राहिली. खडूने चार फुल्या काढल्या होत्या, पंजे तिथे यावेत म्हणून. मोत्याने पहिली दहा मिनिटं फुल्या चाटण्यात घालवली. शेवटी मित्राने गळ्यातल्या पट्ट्याची दोरी वरून धरली आणि खाऊ दुसऱ्या हातात ठेवला. साठेक फोटो काढले, कामाचे तीन निघाले. त्यातल्या एकात डोकं सरळ, चारही पंजे पूर्ण, नखांसकट.

माप तपासलं: खांद्यापर्यंत ७८१ पिक्सेल. हवे होते ७६९. कुत्रा फुलीच्या जरासा पुढे उभा होता. ९८.५ टक्के केला की झालं. पंजांमधला फरक ६६. हा आकडा पाहून मी एकटाच हसलो.

वेळ: जाण्यायेण्यासकट चार तास.

१२ फेब्रुवारी

केस. चादरीसमोरचा भाग चॅनेलमधून चाळीस मिनिटांत सुटला. झाक जवळजवळ नाही.

अडचण खाली आली. चादर मोत्याच्या पोटाच्या पातळीला संपते आणि तिथून गच्चीची उन्हातली फरशी सुरू होते. ती फिकट बदामी, मोत्याच्या रंगाची. कुठल्याच चॅनेलमध्ये फरक नाही. पोटाखालचे आणि मांडीमागचे केस मास्कमध्ये येईनात. तिथे पेनने कडा काढली आणि वर केस रंगवले.

रंगवताना एक चूक केली, ती लिहिण्यासारखी आहे. मी एक पिक्सेलच्या ब्रशने एकेक केस ओढत होतो, खूप मेहनतीने. मोठं करून पाहताना छान, पूर्ण फोटो पाहताना मात्र पोटाला तारा फुटल्यासारख्या. मग हिशेब केला. या जागी एका सेंटिमीटरला सुमारे १५ पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल पाऊण मिलिमीटरच्या जरा आत. कुत्र्याचा केस त्याच्या कितीतरी पट बारीक. या अंतरावर एकटा केस दिसतच नाही, दिसतात ते एकमेकांना चिकटलेले झुपके. मित्राच्या बायकोच्या केसांची कडा त्याच फोटोत मोठी करून पाहिली, तिथेही तसंच: झुपके, मऊ टोकं, मधे धूसर झिरझिरीत भाग.

सगळं पुसलं. सहा-सात पिक्सेलचा ब्रश, टोकाला निमुळता, अपारदर्शकता तीसच्या आसपास. झुपके वाढीच्या दिशेने, लांबी असमान, आणि काही ठिकाणी काहीच नाही. वीस मिनिटांत झालं. मिशा तेवढ्या एक पिक्सेलच्या ठेवल्या, तेही खूप फिकट.

वेळ: साडेतीन तास, त्यातले दीड तारांचे.

१४ फेब्रुवारी

सावली. पहिल्या वेळी मी मोत्याचीच छायाकृती तिरपी पाडली होती. ते मुळातच चूक होतं. कॅमेऱ्याला मोत्याची बाजू दिसते. सूर्य डावीकडे आहे आणि मोत्याचं तोंडही डावीकडे, म्हणून सूर्याला तो बराचसा समोरून दिसतो. सावली सूर्याला दिसणाऱ्या आकाराची पडते: अरुंद, पाय एकमेकांत मिसळलेले. कॅमेऱ्याला दिसणारा आकार तिरपा पाडून ती येत नाही. ऊन जुळवून फोटो काढल्याचा फायदा इथे झाला. गच्चीवर खरी सावली पडलेलीच होती. पेनने तिची बाह्यरेषा काढून तोच आकार वापरला.

रंगही अंदाजाने घ्यायचा नाही. अंगणातल्या फोटोत मुलीच्या सावलीतली फरशी आणि शेजारची उन्हातली फरशी, दोन्हींचे आकडे घेतले. उन्हात १८२, १७२, १५८. सावलीत ७४, ८०, ८८. सावलीच्या आकड्याला उन्हाच्या आकड्याने भागून २५५ ने गुणलं की १०४, ११९, १४२ येतात, निळसर करडा रंग. तो रंग Multiply मोडमध्ये, अपारदर्शकता १००. मोत्याची सावली मुलीच्या सावलीची सख्खी बहीण दिसली. काळा रंग घेऊन अपारदर्शकता कमी करत बसलो असतो तर तो निळसरपणा आला नसता.

सावलीची कडा मी सवयीने ६० पिक्सेल धूसर केली होती. उन्हाची सावली एवढी मऊ नसते. सूर्य आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद दिसतो, त्यामुळे सावलीच्या कडेची धूसर पट्टी म्हणजे वस्तूपासून सावलीपर्यंतच्या अंतराचा साधारण शंभरावा भाग. मोत्याची पाठ ५२ सेंटिमीटर उंच, तिथून किरण तिरपा जमिनीवर येईपर्यंत एक मीटर जातो. पट्टी एक सेंटिमीटर, म्हणजे पंधरा पिक्सेल. पंजाजवळ तर शून्यच. सावलीची एक धूसर आणि एक स्पष्ट प्रत घेतली आणि मास्कने पंजांकडून पाठीकडे एकीतून दुसरीत नेलं. ढगाळ फोटो असता तर हे सगळंच चुकलं असतं. तिथे अशी सावली पडतच नाही, पोटाखाली नुसता मऊ अंधार असतो.

एक खड्डा राहिला होता. मोत्याच्या सावलीचं टोक जिथे पडतं तिथे आधीच झाडाच्या फांदीची सावली आहे. दोन सावल्या एकावर एक आल्या आणि तिथे दुप्पट काळं झालं. सूर्य एकच आहे. एकदा अडवल्यावर पुन्हा अडवायला काही उरत नाही. फांदीच्या सावलीपुरता माझा लेयर मास्कने काढून टाकला. मग ध्यानात आलं की फांदीची तीच सावली मोत्याच्या अंगावरही यायला हवी का. किरणाची दिशा धरून मागे मोजलं, ती त्याच्या पलीकडून जाते. सुटलो.

वेळ: चार तास.

१५ फेब्रुवारी

पंजे. वरची मोठी सावली प्राणी कुठे उभा आहे ते सांगते, त्याचं वजन जमिनीवर आहे हे पंजाखालची काळी रेघ सांगते. उजेड जवळजवळ शिरत नाही अशी, बोटांच्या खाली आणि बोटांमध्ये, केवळ काही पिक्सेल जाड. ती हाताने रंगवायला गेलो की जाडी एकसारखी होते, आणि एकसारखी झाली की काजळ घातल्यासारखी दिसते.

हीही गच्चीवरून उचलली. मोत्याच्या मूळ फोटोची प्रत त्याच जागी, मोड Multiply, आणि मास्कने पंजांभोवतीचा दोन-तीन सेंटिमीटरचा भाग सोडून बाकी सगळं झाकलं. मग Levels मध्ये उन्हातली फरशी पूर्ण पांढरी होईपर्यंत उजेडाची बाजू आत ओढली. पांढरं Multiply मध्ये दिसत नाही, त्यामुळे गच्चीची फरशी गेली आणि राहिली ती फक्त बोटांखालची खरी काळी रेघ. रंग काढून टाकला, नाहीतर गच्चीचा बदामी रंग अंगणात येतो. पंजांच्या सावलीच्या बाजूला मात्र हे चालत नाही, तिथे गच्चीवरची मोठी सावलीही सोबत येते आणि पुन्हा दुप्पट काळं. तिथे सावलीतल्या फरशीचा आकडा पांढरा धरून वेगळी प्रत करावी लागली. ती बसवायला तीन वेळा प्रयत्न.

उजवा मागचा पंजा फरशीच्या सांध्यावर येत होता. सांधा खोलगट आहे, पंजा त्यावर सपाट कसा? मोत्याला बारा पिक्सेल डावीकडे सरकवला. आडवाच सरकवला म्हणून माप बदललं नाही.

पोटाला अंगणाच्या फरशीचा पिवळसर उजेड अगदी थोडा दिला.

वेळ: तीन तास.

१७ फेब्रुवारी

मित्राला पाठवण्याआधी फोटो उलटा केला, वरची बाजू खाली. उलट्या फोटोत कुत्रा, माणसं असं काही दिसत नाही, नुसते उजेड-अंधाराचे डाग दिसतात, आणि चुकीचा डाग लगेच डोळ्यात भरतो. मोत्याची उन्हातली बाजू माणसांपेक्षा किंचित उजळ वाटली, Curves ने खाली आणली. बाकी काही सापडलं नाही.

एकूण अठ्ठावीस तास. मोजून पाहिलं तर पहिल्या फोटोवर साडेतेरा तास गेले, आणि त्यातलं अंतिम फाइलमध्ये काही नाही, फक्त मापाचा हिशेब आहे.

काकूंनी फोटो बराच वेळ पाहिला असं मित्र म्हणाला. मग म्हणाल्या, “हा कधी आला होता आपल्याबरोबर?”

एक गोष्ट मला अजून दिसते. गच्चीवर मित्राने पट्ट्याची दोरी वरून धरली होती. दोरी मी पुसली, पण मोत्याच्या गळ्यातला पट्टा मानेवर वर ओढलेलाच आहे, दोरी नसताना. खाली आणायचा तर त्याखालचे दबलेले केस नव्याने रंगवावे लागतील. काकूंच्या नजरेला ते अजून पडलेलं नाही.